यूट्यूब चॅनल विकायचं आहे: किंमत कशी ठरवायची, मालकी सुरक्षितपणे कशी द्यायची?

मीनल_तासगाव

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाचं द्राक्षबागेवरचं यूट्यूब चॅनल आहे. 2018 ला सुरू केलं, आज 1 लाख 12 हजार सबस्क्रायबर आहेत आणि साधारण 340 व्हिडिओ. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या, थिनिंग, माल उतरेपर्यंतचं सगळं तो बागेत उभं राहून सांगतो. हिशेब मी बघते.

आता त्याला नाशिकला द्राक्ष निर्यातीच्या कामात चांगली नोकरी मिळाली आहे. ऐन हंगामात त्याला घरी यायलाही सवड मिळणार नाही, म्हणून चॅनल विकायचं ठरवलंय. मिरज भागातले एक कृषी सेवा केंद्रवाले घ्यायला तयार आहेत. भावाने 12 लाख सांगितले. गेल्या ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला सरासरी 52 हजार ॲडसेन्सचे, म्हणजे यूट्यूबवरच्या जाहिरातींचे आले, त्याला 24 ने गुणलं. समोरून 4 लाखांचा आकडा आला. शिवाय ते म्हणतात, "जीमेल आयडी आणि पासवर्ड द्या, त्याच दिवशी पैसे टाकतो."

माझे दोन प्रश्न. इतका फरक कसा काय? आणि पासवर्ड देणं ही योग्य पद्धत आहे का?

राघव_ठाणे

मीनलताई, 24 चा गुणक बरोबर आहे, बाजारात तोच चालतो. 12 लाखांवर ठाम राहा. घेणारे सुरुवातीला पाडूनच मागतात. आणि पासवर्डचं म्हणाल तर तीच पद्धत आहे. यूट्यूबला चॅनल विकलेलं चालत नाही, कळलं तर मॉनेटायझेशन बंद करतात. त्यामुळे गाजावाजा न करता जीमेल देऊन टाकायचं, मोबाईल नंबर बदलून द्यायचा.

सुहास_कर्वेनगर

राघव, गुणकाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, ते नंतर बोलू. पासवर्डचा सल्ला मात्र मीनलताईंनी अजिबात ऐकू नये. मी पुण्यात एका छोट्या मीडिया संस्थेसाठी चॅनलची खरेदी आणि हस्तांतर बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालकी दुसऱ्याला देण्याची सोय गूगलनेच करून ठेवली आहे, लपूनछपून काही करावं लागत नाही. अट एकच, चॅनल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसांना चालवता येणाऱ्या गूगलच्या वेगळ्या खात्यावर असलं पाहिजे. भावाच्या वैयक्तिक जीमेलवर असेल तर आधी एक नवं, रिकामं ब्रँड अकाउंट करायचं आणि यूट्यूबच्या सेटिंगमध्ये Advanced settings मधून Move channel to a Brand Account करायचं. इथे एक मोठा खड्डा आहे. ज्या ब्रँड अकाउंटवर आधीच दुसरं चॅनल आहे तिथे हे हलवलं, तर ते दुसरं चॅनल त्यातल्या व्हिडिओंसकट पुसलं जातं. स्क्रीनवर इशारा येतो, पण घाईत लोक टिक करून पुढे जातात.

त्यानंतर myaccount.google.com/brandaccounts वर जाऊन घेणाऱ्याच्या ईमेलला Owner म्हणून आमंत्रण पाठवायचं. त्याने ते स्वीकारलं की 7 दिवस थांबावं लागतं. त्याआधी त्याला Primary owner करताच येत नाही. सात दिवसांनी करायचं, आणि मग नव्या मालकाने भावाचं नाव काढून टाकायचं. यूट्यूब स्टुडिओतल्या Permissions मध्ये तुम्ही एडिटर वगैरे जोडले असतील तर त्या पद्धतीतून आधी बाहेर पडावं लागेल, कारण त्या परवानग्यांमधून मालकी देता येत नाही.

जीमेल का द्यायचं नाही, ते दोन्ही बाजूंनी बघा. त्या जीमेलवर भावाचे फोटो, बँकेचे मेल, ड्राइव्ह, फोनचा बॅकअप, कुठल्या कुठल्या ॲपचं लॉगिन असतं. ते सगळं परक्याच्या हातात जाईल. आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने बघितलं तर ज्याने खातं उघडलं, वर्षानुवर्षं ज्या फोनवर वापरलं, तो माणूस 'पासवर्ड विसरलो' म्हणून खातं परत मिळवू शकतो. मग पैसेही गेले आणि चॅनलही.

ॲडसेन्स खातं मात्र विकता किंवा बदलून देता येत नाही. ते भावाच्या नावावर, पॅनवर आणि बँकेवर आहे, ते त्याच्याकडेच राहील. नव्या मालकाने स्वतःचं ॲडसेन्स स्टुडिओच्या Earn विभागातून जोडायचं. हे जोडणं 32 दिवसांतून एकदाच बदलता येतं, म्हणून चुकीचं खातं जोडलं तर महिना अडकतो. बदल महिन्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत करा आणि 'अमुक तारखेपर्यंतची कमाई जुन्या मालकाची' असं करारात लिहा. नाहीतर त्या अर्ध्या महिन्यावरून वाद होतो.

किंमत सांगायला आकडे लागतील. पूर्ण 12 महिन्यांचं ॲडसेन्स, खर्च, आणि व्ह्यूज कुठल्या व्हिडिओंवर येतात ते टाकाल का?

दत्ता_भोसरी

माझं टेलिग्राम चॅनल आहे, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचं, 23 हजार मेंबर. तिथे तर ॲडमिनच्या यादीत जाऊन नावावर दाबलं की मालकी देता येते असं ऐकलंय. मला मित्राला द्यायचं होतं, पण पर्यायच चालत नव्हता. इथे सात दिवस म्हणताय, तसं काही तिथेही आहे का?

सुहास_कर्वेनगर

दत्ता, धागा यूट्यूबचा आहे, पण थोडक्यात सांगतो. टेलिग्रामवर तुमच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून किमान 7 दिवस झालेले हवेत आणि ज्या फोनवरून देताय त्यावर लॉगिन होऊन 24 तास उलटलेले हवेत. आणि मित्र आधी ॲडमिन असायला हवा. बहुधा टू-स्टेप लावलेलं नसेल.

नलिनी_दुबई

सुहास यांनी जीमेलबद्दल लिहिलं ते आमच्या घरात घडलंय. माझ्या मावसबहिणीने एक मराठी रेसिपी चॅनल घेतलं, 2 लाख 40 हजारांना. विकणाऱ्या बाईंनी जीमेल आणि पासवर्ड दिला, बहिणीने पासवर्ड बदलला, रिकव्हरी नंबर बदलला, स्वतःचं ॲडसेन्स जोडलं. पाचव्या महिन्यात एका सकाळी लॉगिन होईना. खातं मूळ बाईंच्या फोनवर परत गेलं होतं. त्या म्हणाल्या, मी काही केलं नाही, मुलाने जुन्या फोनवरून खातं उघडलं असेल. करार म्हणून व्हॉट्सॲपवरचे चार मेसेज होते. पोलिसांनी तक्रार घेतली, पण खातं कुणाच्या नावाचं या प्रश्नावरच सगळं थांबलं. पैसे आजपर्यंत आले नाहीत.

त्यामुळे मीनल, तुम्ही विकणाऱ्या आहात तरी समोरच्याला तुम्हीच सांगा की हे नको. उद्या तुमच्या भावाच्या जुन्या फोनवर काही आपोआप लॉगिन झालं तरी आळ तुमच्यावर येईल.

ॲड_वैदेही

व्हॉट्सॲपच्या मेसेजवरून एक महत्त्वाची गोष्ट सांगते, ती सगळेच विसरतात. चॅनलचा ताबा आणि व्हिडिओंचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रँड अकाउंट दिलं म्हणजे 340 व्हिडिओंचा कॉपीराइट आपोआप गेला असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. त्याप्रमाणे हक्क देणं लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने झालं पाहिजे. आणि करारात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. यूट्यूब जगभर दिसतं, म्हणून 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' हे शब्द हवेतच. आणखी एक, मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून तेही लिहून घ्यायचं.

दुसरं, भावाच्या व्हिडिओंमध्ये इतर कुणाचं काम आहे का? शीर्षकसंगीत कुणी मित्राने बनवलं, ड्रोनचे शॉट दुसऱ्याकडून घेतले, कुणी संपादन केलं. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेलं मालकाचं असतं, पण बाहेरच्या माणसाने बनवलेल्या संगीताचं तसं गृहीत धरता येत नाही. त्यांच्याकडून एक-एक पानाचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा. घेणाऱ्याचा वकील सगळ्यात आधी तेच मागेल.

मीनल_तासगाव

सगळ्यांचे आभार. भावाबरोबर बसून आकडे काढले.

गेल्या 12 महिन्यांचं ॲडसेन्स 3 लाख 48 हजार. त्यातले 1 लाख 56 हजार एकट्या ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरचे. मे ते ऑगस्ट अगदी पडेल असतं, महिना 14-15 हजार. वर्षाचे व्ह्यूज 58 लाख. खताच्या आणि ठिबकच्या कंपन्यांच्या जाहिराती भावाने बोलून केल्या, त्याचे वेगळे 1 लाख 80 हजार. खर्च: एडिटरला महिना 6 हजार, आणि बागांना भेटी द्यायला पेट्रोल, चहापाणी, माईक-बॅटरी मिळून वर्षाला 48 हजार. भाऊ स्वतः काही पगार घेत नाही.

व्ह्यूजचं बघितलं तर 58 लाखांपैकी 60 टक्के एक वर्षापेक्षा जुन्या व्हिडिओंवर येतात. डाऊनीवरचा एकच व्हिडिओ आहे, त्यावर यंदा जवळपास 12 लाख 80 हजार आले. तीन जुन्या व्हिडिओंवर कॉपीराइट क्लेम आहे, मागे गाणं वाजत होतं म्हणून. शीर्षकसंगीत भावाच्या मित्राने बनवलंय, त्याच्याशी बोलते.

सुहास_कर्वेनगर

मीनलताई, फार व्यवस्थित माहिती दिलीत. आता 12 लाख का येत नाहीत ते बघू.

हंगामी चॅनलला तीन महिन्यांची सरासरी लावायची नाही. फळछाटणीच्या तिमाहीत वर्षाची जवळजवळ 45 टक्के कमाई येते. पूर्ण वर्षाची सरासरी महिना 29 हजार. राघवच्याच 24 च्या गुणकाने बघितलं तरी 6 लाख 96 हजार होतात. म्हणजे 12 मधले सुमारे पाच लाख केवळ चांगले महिने निवडल्यामुळे आले होते. घेणारा शेतीतला आहे, त्याला हे पहिल्या नजरेत कळलं असणार.

मग गुणायचं कशाला? ढोबळ कमाईला नाही, निव्वळ नफ्याला. एडिटरचे वर्षाला 72 हजार, इतर 48 हजार. आणि भावाचं काम. तो पगार घेत नाही म्हणजे ते काम फुकट आहे असं नाही, नव्या मालकाला बागेत उभं राहून बोलणारा कुणीतरी ठेवावा लागेल. द्राक्षाची जाण असलेला माणूस महिना 12 हजारांत मिळाला असं धरलं तरी वर्षाचे 1 लाख 44 हजार. 3 लाख 48 हजारांतून हे सगळं वजा केलं की उरतात 84 हजार. दोन वर्षांचा नफा म्हणून 1 लाख 68 हजार.

हा आकडा पाहून घाबरू नका, तोही पूर्ण खरा नाही. कारण तुमच्या चॅनलची खरी ताकद जुन्या व्हिडिओंमध्ये आहे. उद्यापासून एकही नवा व्हिडिओ टाकला नाही तरी दर हंगामात शेतकरी डाऊनी, घडकुज, थिनिंग शोधणार आणि भावाचे व्हिडिओ बघणार. वर्षाच्या 60 टक्के म्हणजे साधारण 2 लाख 9 हजार या मार्गाने येतात, तेही बिनखर्चाने. दर वर्षी त्यात 40 टक्के घट धरली तर पुढच्या वर्षी सव्वा लाख, तिसऱ्या वर्षी पाऊण लाख. तीन वर्षांचे मिळून 4 लाख 9 हजार. घटीचा माझा आकडा अंदाजाचा आहे. तो तपासायचा असेल तर 2021 मध्ये टाकलेल्या व्हिडिओंनी 22, 23, 24 मध्ये दर वर्षी किती आणले ते स्टुडिओत काढा, तुमची स्वतःची घट दिसेल.

कंपन्यांच्या जाहिरातींचे 1 लाख 80 हजार मी धरले नाहीत. ते भावाच्या तोंडाला आणि शब्दाला मिळतात, चॅनलबरोबर जात नाहीत.

थोडक्यात, समोरच्याचा 4 लाखांचा आकडा पाडून मागितलेला नाही. मी घेणारा असतो तर तीन-साडेतीन म्हटलं असतं, कारण एकाच व्हिडिओवर 22 टक्के व्ह्यूज आहेत. तो एक व्हिडिओ उद्या काढावा लागला किंवा कुणी त्याच विषयावर चांगला केला, तर हिशेब बिघडतो.

राघव_ठाणे

सुहास, वर्षाच्या सरासरीचं पटलं. पण एक बाजू तुम्ही सोडताय. घेणारा दुकानदार आहे. त्याला ॲडसेन्सचे 3 लाख नकोच आहेत, त्याला लाखभर द्राक्षवाले हवे आहेत. एका फवारणीला एकरी किती खर्च होतो बघा. त्यातले शंभर बागायतदार जरी त्याच्या दुकानात आले तरी त्याचे पैसे एका हंगामात वसूल. मग किंमत त्याच्या फायद्यावर का ठरवायची नाही?

सुहास_कर्वेनगर

मुद्दा खरा आहे, म्हणूनच तो साडेतीन नाही तर चार म्हणाला असावा. पण हे लाखभर लोक मिरजेच्या आसपासचे किती? स्टुडिओच्या जिऑग्राफीत शहरवार आकडे मिळतात. निम्मे नाशिक-निफाडचे निघाले तर त्याच्या दुकानाला त्यांचा उपयोग नाही. मीनलताईंनी तेवढं बघून मगच भाव वाढवून मागावा.

शिवाजी_पलूस

मी या धाग्यावर वाचायला आलो होतो, पण आता लिहितो. माझी चार एकर बाग आहे. चॅनल कुठलं ते मला बहुधा कळलं, नाव घेत नाही. आम्ही तो मुलगा बघतो याचं कारण एकच, तो स्वतःच्या बागेत काय मारलं, त्याचा काय परिणाम झाला ते दाखवतो, आणि चुकलं तर तेही सांगतो. उद्या तिथे दुकानदार उभा राहिला आणि स्वतःचंच औषध घ्या म्हणाला, तर पहिल्या महिन्यात लोक निघून जातील. सबस्क्राइब काढायचे कष्टही कुणी घेणार नाही, नुसतं बघायचं बंद करतील.

दुसरं, जुन्या व्हिडिओतले डोस. 2019 ला सांगितलेलं एखादं औषध आज निर्यातीच्या मालाला चालत नाही किंवा काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बदललंय. युरोपला माल जातो त्यांना अवशेष तपासणीत एक नमुना फेल झाला तर पूर्ण प्लॉट बाद होतो. कुणी जुना व्हिडिओ बघून मारलं तर जबाबदार कोण, जुना मालक की नवा?

ॲड_वैदेही

शिवाजीराव, फार चांगला प्रश्न. याला एका ओळीचं उत्तर नाही. व्हिडिओ बनवणारा भाऊ आहे, पण हस्तांतरानंतर तो दाखवत ठेवणारा आणि त्यावर पैसे मिळवणारा नवा मालक आहे. कोर्ट काय म्हणेल हे प्रकरणावर अवलंबून राहील. करारात निदान एवढं लिहावं: हस्तांतराच्या तारखेपर्यंत आलेल्या दाव्यांची जबाबदारी विकणाऱ्याची, नंतर व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हा निर्णय आणि त्याचे परिणाम घेणाऱ्याचे. आणि व्यवहारापूर्वीच भावाने जुने डोसचे व्हिडिओ बघून कालबाह्य झालेले खाजगी करावेत, किंवा वर्णनात आणि पिन केलेल्या कॉमेंटमध्ये तारीख आणि इशारा टाकावा.

आणखी एक. भावाचा चेहरा आणि आवाज. जुन्या व्हिडिओंत तो राहील, हे ठीक. पण त्याचा फोटो लावून नव्या औषधाची जाहिरात करायची नाही, हे स्पष्ट लिहून घ्या.

मीनल_तासगाव

शिवाजीदादा, तुम्ही लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला डोसचे व्हिडिओ तो स्वतः बघून घेईल, त्याशिवाय विकणार नाही.

घेणाऱ्यांचा एक प्रश्न आला आहे. त्यांना स्क्रीनशॉट पाठवले तर ते म्हणाले, "हे चालणार नाहीत, पुण्याहून आमचा भाचा येऊन बघेल." यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. तो नक्की काय बघणार?

सुहास_कर्वेनगर

वाईट वाटून घेऊ नका. स्क्रीनशॉटमधले आकडे ब्राउझरमध्ये दोन मिनिटांत बदलता येतात, त्यामुळे भाचा जाणकार आहे. तो शेजारी बसून किंवा स्क्रीन शेअर करून स्टुडिओ उघडायला लावेल आणि पान त्याच्यासमोर रिफ्रेश करायला सांगेल. लॉगिन भावानेच करायचं, पासवर्ड त्याला दिसता कामा नये.

मी असतो तर आधी ॲनालिटिक्समध्ये 365 दिवस लावून कमाईचा आलेख बघितला असता, आणि तो बँकेत आलेल्या रकमांशी महिनावार जुळवला असता. मग व्ह्यूज कुठून येतात ते. तुमच्याकडे यूट्यूब सर्च आणि सजेस्टेड यांचा वाटा मोठा असेल, तो चांगला. तिथे यूट्यूब ॲडव्हर्टायझिंग हा मोठा तुकडा दिसला असता तर कुणीतरी पैसे देऊन व्ह्यूज आणलेत असा अर्थ. सबस्क्रायबरच्या आलेखात एका आठवड्यात विनाकारण उभी उडी दिसते का, आणि नंतर ते गळालेत का, हेही. शॉर्ट्सवरून आलेले सबस्क्रायबर किती, हेही तो विचारेल, कारण शॉर्ट्सवाले लोक पंधरा मिनिटांचा छाटणीचा व्हिडिओ बघत नाहीत.

मग स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याबद्दल यूट्यूबने चॅनलवर ठेवलेला ठपका. तुमच्या तीन व्हिडिओंवर क्लेम आहेत, ते स्ट्राइक नाहीत. क्लेममध्ये सहसा त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, चॅनलला धोका नसतो. स्ट्राइक 90 दिवस राहतो, आणि 90 दिवसांत तीन झाले तर चॅनलच जातं. तरीही मी सांगेन की ते तीन व्हिडिओ दाखवण्याआधी गाणं काढून टाका, स्टुडिओच्या एडिटरमध्ये सोय आहे.

शेवटी तो शेवटची तारीख बघेल. सहा महिन्यांहून जास्त काळ व्हिडिओ किंवा पोस्ट टाकली नाही तर यूट्यूब मॉनेटायझेशन काढून घेऊ शकतं. म्हणून व्यवहार लांबला तरी मधे एखादा व्हिडिओ टाकत राहा.

आणि तुम्हीही त्यांना तपासा, हे फार जण करत नाहीत. त्यांचं आधी एखादं चॅनल यूट्यूबने बंद केलंय का? ॲडसेन्स बंद झालंय का? बंद झालेल्या माणसाने दुसऱ्या चॅनलवर काम सुरू केलं तर यूट्यूब ते नियम चुकवणं समजतं आणि ते चॅनलही बंद करू शकतं. रक्कम हप्त्यांत घेणार असाल तर त्यांचं जुनं पाप तुमच्या हप्त्यावर येईल.

जाईजुई

मीनल, चॅनल विकायचं आहे हे बाहेर कळलं की 'आम्ही जास्त देतो' म्हणणारे मेल येतील. आमच्या ओळखीत एका प्रवासवाल्या चॅनलला असाच मेल आला, 'करार जोडला आहे' म्हणून झिप फाइल. ती उघडली आणि त्यांच्या ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरीला गेलं. टू-स्टेप असूनही उपयोग झाला नाही, कारण लॉगिन आधीच झालेलं होतं. रातोरात चॅनलचं नाव बदलून क्रिप्टोचं लाइव्ह सुरू झालं. करार फक्त पीडीएफमध्ये घ्या, तोही ज्या कॉम्प्युटरवर चॅनल उघडं नाही अशावर उघडा.

मीनल_तासगाव

अपडेट देते. शहरवार आकडे काढले. सांगली-मिरज-सोलापूर भागाचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला, त्यामुळे राघव यांचा मुद्दा आम्ही मांडला. बोलणी होऊन 4 लाख 30 हजारांवर ठरलं. 3 लाख सात दिवस संपून Primary owner बदलेल त्याच दिवशी, उरलेले 1 लाख 30 हजार सहा महिन्यांनी, पण जुन्या व्हिडिओमुळे स्ट्राइक आला तर त्यातून वळते. भाऊ नोकरीवर रुजू होण्याआधी फळछाटणीचे आठ व्हिडिओ करून देणार, त्यात नव्या माणसाची ओळख करून देणार, त्याचे पैसे वेगळे. चॅनलचं नाव एक वर्ष बदलायचं नाही असं त्यांनीही मान्य केलं. संगीतवाल्या मित्राने संमतिपत्रावर सही केली.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. Owner चं आमंत्रण आधी पाठवायचं की पैसे आधी घ्यायचे? त्या सात दिवसांत ते मालक झालेले असतील आणि आमच्या हातात एक रुपया नसेल. आणि ही रक्कम भावाच्या आयकरात धंद्याचं उत्पन्न धरायची की भांडवली नफा? एक सीए एक सांगतात, दुसरे दुसरं.

राघव_ठाणे

सरळ आहे, पैसे आधी. नाहीतर आमंत्रणच पाठवू नका.

सुहास_कर्वेनगर

पूर्ण पैसे आधी कुणी देणार नाही, आणि देऊही नये. सात दिवसांत Primary owner भाऊच असतो, त्यामुळे तो समोरच्याला कधीही काढून टाकू शकतो. म्हणजे त्या काळात अंतिम किल्ली तुमच्याकडेच आहे. पण साधा Owner सुद्धा व्हिडिओ पुसू शकतो. म्हणून आमंत्रणाच्या दिवशी 50 हजार बयाणा घ्या, करारावर सह्या त्याआधी, आणि सगळ्या मूळ व्हिडिओंची प्रत हार्ड डिस्कवर काढून ठेवा. 340 व्हिडिओंना एक-दोन दिवस लागतील. उरलेले अडीच लाख वैदेहींसारख्या कुणा वकिलाच्या खात्यावर आधी आणून ठेवता आले तर उत्तम, बदल झाला की सोडायचे.

कराचं मला ठामपणे सांगता येणार नाही.

ॲड_वैदेही

कराबद्दल दोन्ही सीए बरोबर असू शकतात, कारण भावाने इतकी वर्षं हे उत्पन्न कोणत्या सदरात दाखवलं यावर बरंच ठरतं. त्याची जुनी विवरणपत्रं घेऊन एकाकडे बसा, आणि त्यांचं मत लेखी घ्या. करारात रकमेचे भाग मात्र वेगळे लिहा: कॉपीराइटचे किती, आठ नव्या व्हिडिओंच्या कामाचे किती. हे दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं की नंतर वेगळं करता येत नाही.

आणि बयाणा रोख घेऊ नका, बँकेतूनच.

शिवाजी_पलूस

मीनलताई, तो नवा माणूस कोण आहे ते कळलं तर बरं होईल. बागायतदार आहे का?

मीनल_तासगाव

हो दादा, बेडगचा आहे, स्वतःची दोन एकर बाग आहे. भाऊ शनिवारी त्याच्या प्लॉटवर पहिला व्हिडिओ घेणार आहे. आमंत्रण सोमवारी पाठवतोय, हार्ड डिस्कवर 210 व्हिडिओ उतरवून झालेत.